देण्यांची उतरंड : नादारी संहितेच्या कलम 53 चे एक परीक्षण

नादारी व दिवाळखोरी संहिता, 2016 या कायद्याविषयी आपल्याकडे जे लेखन होते त्यात कलम 53 चा उल्लेख बहुधा एखाद्या पाठ करावयाच्या यादीसारखा येतो. बुडालेल्या कंपनीची मालमत्ता विकून आलेला पैसा कोणास आधी व कोणास नंतर द्यावयाचा, याचा क्रम त्या कलमात सांगितला आहे. विद्यार्थी तो क्रम पाठ करतात, परीक्षेत लिहितात, आणि धनकोंच्या हक्कांचा प्रश्न त्याने सुटला असे मानतात. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, उतरंडीतील खालच्या धनकोच्या हाती काय पडते हे केवळ त्या क्रमावरून ठरत नाही. तो क्रम कोणत्या रकमेला लावावयाचा आणि कोणत्या दिवसापासून मोजावयाचा, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर ते फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. आणि या दोन्ही प्रश्नांची संहितेने दिलेली उत्तरे समाधानकारक नाहीत. येथे कलमांचा पाठ 2019 च्या दुरुस्तीनंतरचा धरला आहे.

प्रथम दोन मार्गांतील भेद स्पष्ट केला पाहिजे. कंपनी देणे चुकवू लागली म्हणजे धनको किंवा ती स्वतः राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाकडे जाते. अर्ज दाखल करून घेतला गेला की कंपनीविरुद्धचे दावे व वसुली थांबते, संचालक मंडळाचे अधिकार एका व्यावसायिकाकडे जातात आणि धनकोंची समिती बनते. या समितीत मताचा अधिकार असतो तो वित्तीय धनकोंना, म्हणजे प्रामुख्याने कर्ज देणाऱ्या बँकांना. कंपनीला माल पुरवणारे, तिची वाहतूक करणारे, तिच्याकडे राबणारे कामगार, आणि करांपोटी सरकार, हे सारे 'परिचालन धनको' ठरतात व त्यांना मत नसते. एखाद्या खरेदीदाराने चालती कंपनी घेण्याची योजना मांडली आणि समितीने 66 टक्के मतांनी ती स्वीकारली, तर न्यायाधिकरणाच्या मान्यतेने ती सर्वांवर बंधनकारक होते. हे निराकरण. मुदतीत योजना आली नाही, ती नामंजूर झाली, किंवा समितीनेच तसे ठरविले, तर कंपनी अवसायनात निघते. अवसायक मालमत्ता विकतो आणि पैसा वाटतो. कलम 53 लिहिले गेले ते या दुसऱ्या मार्गासाठी. पहिल्या मार्गावर त्याचा प्रवेश मागील दाराने झाला, आणि वादाचे मूळ तेथेच आहे.

उतरंड अशी आहे. सर्वांच्या वर प्रक्रियेचा व अवसायनाचा खर्च. तो पुरता फेडल्याखेरीज पुढे जावयाचे नाही. त्याखाली एकाच पायरीवर दोघे बसतात: अवसायनाच्या आरंभापूर्वीच्या 24 महिन्यांची कामगारांची देणी, आणि आपले तारण सामाईक मालमत्तेत सोडून दिलेले तारणधारी धनको. पैसा अपुरा पडला तर हे दोघे समप्रमाणात वाटून घेतात. नंतर कामगारांखेरीज अन्य कर्मचाऱ्यांचे 12 महिन्यांचे वेतन. त्यानंतर तारणाविना कर्ज देणारे वित्तीय धनको. मग केंद्र व राज्य सरकारांची दोन वर्षांची देणी, आणि त्यांच्याच जोडीला, आपले तारण स्वतः बाहेर विकून घेतलेल्या धनकोची उरलेली तूट. त्याखाली 'उर्वरित देणी'. या शब्दात पुरवठादार, वाहतूकदार, दुरुस्ती करणारे असे सारे सामावतात. शेवटी अग्रहक्काचे भागधारक आणि अगदी तळाशी सामान्य भागधारक. भविष्य निर्वाह निधी, निवृत्तिवेतन आणि उपदान यांच्या निधींतील कामगारांचा पैसा मात्र कलम 36 ने या वाटपाच्या बाहेरच ठेवला आहे.

या यादीचा अर्थ आकड्यांशिवाय समजत नाही, म्हणून एक काल्पनिक कारखाना घेऊ. त्याची देणी अशी: प्रक्रियेचा खर्च 6 कोटी, कामगारांचे 24 महिन्यांचे 10 कोटी, तारणधारी बँकांचे 110 कोटी, अन्य कर्मचाऱ्यांचे 4 कोटी, विनातारण कर्ज 15 कोटी, सरकारचे 12 कोटी, आणि पुरवठादारांचे 40 कोटी. कारखाना मोडीत काढून विकला तर 100 कोटी येतात. खर्चाचे 6 कोटी गेले, उरले 94. दुसऱ्या पायरीवर कामगार व बँका मिळून 120 कोटींचे हक्कदार आहेत. म्हणजे रुपयाला सुमारे 78 पैसे. कामगारांना 7 कोटी 83 लाख मिळतील, बँकांना 86 कोटी 17 लाख. पैसा तेथेच संपला. तिसऱ्या पायरीपासून खाली एक पैही पोहोचत नाही.

आता समजा, चालता कारखाना घ्यावयास कोणी 140 कोटी द्यावयास तयार झाला. हे वाढलेले 40 कोटी कोणाचे, हा निराकरणातील खरा प्रश्न. संहितेच्या मूळ पाठात परिचालन धनकोंसाठी एवढेच म्हटले होते की, अवसायनात मिळाले असते त्याहून त्यांना कमी मिळू नये. आपल्या कारखान्यात पुरवठादारांना अवसायनात शून्य मिळते. तेव्हा योजनेने त्यांना शून्य दिले तरी कायद्याचे समाधान झाले. वित्तीय धनकोंच्या समितीने उरलेला पैसा कसा वाटावा, याविषयी संहिता जवळजवळ मौन होती.

हे मौन एस्सार स्टील प्रकरणात फुटले. गुजरातेतील हजिरा येथील हा पोलाद कारखाना 2017 च्या ऑगस्टमध्ये या प्रक्रियेत आला आणि आर्सेलर मित्तल यांची सुमारे 42,000 कोटींची योजना पुढे स्वीकारली गेली. समितीने आखलेल्या वाटपात 1 कोटीपर्यंतचे दावे असलेल्या पुरवठादारांना व कामगारांना पूर्ण रक्कम, पण 1 कोटीहून अधिक दावे असलेल्या पुरवठादारांना मुळात काहीच नाही अशी रचना होती. वित्तीय धनकोंतही भेद केला होता. स्टँडर्ड चार्टर्ड बँकेचा दावा 3,487 कोटींचा; तिला मिळावयाचे होते 60 कोटी 71 लाख, म्हणजे शेकडा 1.74. तिचे तारण कारखान्यावर नव्हते, परदेशातील एका उपकंपनीच्या भागांवर होते, हे त्याचे कारण सांगितले गेले.

अपील न्यायाधिकरणाने 4 जुलै 2019 रोजी हे वाटप मोडून काढले. वित्तीय धनकोंचे मान्य दावे 49,473 कोटी, परिचालन धनकोंचे 19,719 कोटी. तेव्हा सर्वांना सारखेच, रुपयाला सुमारे 60.7 पैसे द्यावेत, म्हणजे पहिल्यांना 30,030 कोटी व दुसऱ्यांना 11,969 कोटी, असा त्याचा निर्णय होता. कलम 53 केवळ अवसायनासाठी आहे, निराकरणात त्याचा संबंध नाही, आणि कर्ज देणाऱ्यांच्या समितीने आपल्याच विरुद्ध हितसंबंध असलेल्यांचा वाटा ठरवू नये, अशी भूमिका त्यामागे होती. या भूमिकेतील दुसरा भाग नैतिकदृष्ट्या आकर्षक आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि सर्वोच्च न्यायालयाने 15 नोव्हेंबर 2019 रोजी तो निर्णय रद्द केला. न्यायमूर्ती नरिमन यांच्या निर्णयपत्रातील मुख्य युक्तिवाद असा की, असमानांना समान वागविणे म्हणजे समता नव्हे. आणि तारणधारी धनकोला विनातारण धनकोच्या पंक्तीस बसविले तर तो निराकरणापेक्षा अवसायनालाच मत देईल.

हा युक्तिवाद केवळ बँकांची बाजू घेणारा वाटेल, म्हणून तो आपल्या कारखान्यावर तपासून पाहावा. 140 कोटींतून खर्च वजा जाता 134 उरतात; एकूण दावे 191 कोटींचे. सर्वांना सारखे द्यावयाचे तर रुपयाला सुमारे 70 पैसे पडतात, आणि बँकांच्या वाट्याला 77 कोटी 17 लाख येतात. पण कारखाना मोडीत काढला तर त्यांना 86 कोटी 17 लाख मिळत होते! समितीत मत त्यांचेच. ते 140 कोटींची योजना नाकारून 100 कोटींचे अवसायन पत्करतील आणि तसे करण्यात त्यांचा 9 कोटींचा लाभ असेल. पुरवठादार पुन्हा शून्यावर येतील, कामगारांचा रोजगार जाईल, आणि 40 कोटींचे मूल्य कोणाच्याच हाती न लागता नष्ट होईल. अपील न्यायाधिकरणाची समता ज्यांच्यासाठी होती त्यांच्याच मुळावर ती आली असती. येथवर सर्वोच्च न्यायालय बरोबर आहे असेच म्हटले पाहिजे.

परंतु एवढ्यावरून त्याच्या विरुद्ध टोकाचे उत्तर सिद्ध होत नाही. बँकांना 86 कोटी 17 लाखांच्या खाली नेता येत नाही. पण 86 कोटी आणि 110 कोटी यांच्यामध्ये बरीच जागा आहे. ती जागा कशी भरावी याचे उत्तर संसदेने 2019 च्या दुरुस्तीत दिले. ही दुरुस्ती अपील न्यायाधिकरणाच्या निर्णयानंतर, 16 ऑगस्ट 2019 पासून अमलात आली. तिने परिचालन धनकोंसाठी दोन मापे सांगितली: अवसायनात मिळाले असते ती रक्कम, किंवा योजनेची रक्कम कलम 53 च्या क्रमाने वाटली असती तर मिळाली असती ती रक्कम, यांतील जी अधिक असेल तिच्याहून कमी देता येणार नाही. शिवाय एक स्पष्टीकरण जोडले की, अशा प्रकारे केलेले वाटप त्या धनकोंच्या दृष्टीने न्याय्य व समदर्शी असेल.

दुसरे माप पाहिले की दुरुस्ती उदार वाटते. कामगारांच्या बाबतीत ती खरोखर तशी आहे. 134 कोटींतून दुसरी पायरी संपूर्ण भागते आणि त्यांना 7 कोटी 83 लाखांऐवजी पूर्ण 10 कोटी मिळण्याचा हक्क येतो. पण पुरवठादारांकडे वळा. 134 मधून 120 गेले, उरले 14; त्यातून कर्मचाऱ्यांचे 4 गेले, उरले 10; ते 15 कोटींच्या विनातारण कर्जालाही पुरत नाहीत. सरकार व पुरवठादार यांच्यापर्यंत काहीच येत नाही. दोन्ही मापांनी उत्तर शून्य, आणि दोन शून्यांतील मोठे तेही शून्यच. पुरवठादाराला अधिकाराने पहिला रुपया मिळावयाचा तर योजना 157 कोटींच्या पलीकडे गेली पाहिजे. म्हणजे त्याच्या वर असलेल्या प्रत्येकाचे देणे अखेरच्या पैपर्यंत फिटले पाहिजे. जेथे असे घडते ती कंपनी मुळात नादार झालीच कशी, असे विचारावे लागेल. एस्सारमध्येही हेच दिसते. वित्तीय धनकोंचे मान्य दावे 49,473 कोटी, त्यांतील बहुतांश तारणाचे, आणि योजना 42,000 कोटींची. मोठ्या पुरवठादारांचे अधिकाराचे किमान व्यवहारतः शून्यच. समितीने पुढे 1 कोटीवरील दावेदारांसाठी 1,000 कोटी बाजूला काढले ही गोष्ट खरी. पण ते त्यांच्या हक्काचे म्हणून नव्हे, सवलत म्हणून.

सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधिकरणाकडे थोडे पर्यवेक्षण राखले आहे: कंपनी चालती राहावी, तिचे मूल्य जास्तीत जास्त वाढावे, आणि परिचालन धनकोंसह सर्वांच्या हिताचा तोल साधला जावा, या गोष्टी समितीने विचारात घेतल्या की नाही हे पाहावे व नसल्यास योजना परत पाठवावी. परंतु किती दिले म्हणजे तोल साधला, हे सांगण्याचा अधिकार न्यायाधिकरणास नाही. ते समितीचे व्यापारी शहाणपण. आणि संसदेच्या स्पष्टीकरणाप्रमाणे शून्यसुद्धा न्याय्य ठरू शकते. तेव्हा तोलाची तपासणी बव्हंशी समितीच्या इतिवृत्तातील भाषेची तपासणी होऊन बसते. इतिवृत्त लिहिणाऱ्यांना हे कळावयास वेळ लागत नाही.

यावर आक्षेप येईल की वाढलेल्या 40 कोटींवर जुन्या पुरवठादाराचा हक्क तो कोणता? प्रक्रिया चालू असता जो माल पुरवतो त्याला प्रक्रियेच्या खर्चातून पूर्ण पैसे मिळतात. जुना थकलेला पुरवठा काही आज कारखाना चालवीत नाही. हे अंशतः मान्य आहे. पण मग बँकेचे जुने कर्जही आज कारखाना चालवीत नाही. तारणाने तिला हक्क मिळतो तो तारणाच्या मूल्यावर, आणि ते मूल्य अवसायनाच्या 86 कोटी 17 लाखांत मोजून झाले आहे. त्यावरील वाढ कारखाना चालता राहिल्याने आली; तिच्यात यंत्रे, कामगारांचे कौशल्य, माल पुरवणाऱ्यांची टिकलेली नाती असे सारेच आहे. तेव्हा किमान एवढे म्हणता येईल की, अवसायन-मूल्याच्या वर जी रक्कम योजनेतून येईल तिचा एक निश्चित अंश खालच्या पायऱ्यांसाठी कायद्यानेच राखून ठेवावा. आपल्या कारखान्यात तो अंश एक दशांश धरला तर पुरवठादारांच्या 40 कोटींवर 4 कोटी, म्हणजे रुपयाला 10 पैसे पडतील. बँका अवसायनापेक्षा तरीही कितीतरी वरच राहतील, आणि योजनेविरुद्ध मत देण्याचे कारण त्यांना उरणार नाही. न्यायालयाचा युक्तिवाद या उपायास बाधक नाही. तो फक्त संपूर्ण समतेस बाधक आहे.

उतरंडीतील सरकारच्या जागेविषयी येथे ओझरते लिहितो. कंपनी कायदा, 1956 मध्ये कराची देणी अग्रक्रमाने फेडावयाच्या देण्यांत होती; संहितेने ती विनातारण वित्तीय धनकोंच्याही खाली नेली. 6 सप्टेंबर 2022 च्या रेनबो पेपर्स निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने, गुजरात मूल्यवर्धित कर कायद्याने निर्माण केलेल्या बोजामुळे राज्य सरकार तारणधारी धनको ठरते असे म्हटले आणि सरकार एकदम दुसऱ्या पायरीवर आले. 2023 च्या जुलैमध्ये त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या खंडपीठाने, त्या निर्णयात कलम 53 च्या क्रमाकडे लक्ष दिले गेले नव्हते असे नमूद केले. कायद्याने आपोआप लागणारा बोजा आणि करारातून घेतलेले तारण यांत भेद करावा, हे या लेखकास अधिक योग्य वाटते; एरव्ही प्रत्येक राज्याच्या विधिमंडळाला एका वाक्याने केंद्रीय उतरंडीत आपली जागा बदलून घेता येईल.

आता दुसरा प्रश्न, दिवसाचा. त्याकडे अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही, आणि मुंबईत घडलेल्या एका प्रकरणाने तो उघडा केला आहे. जेट एअरवेजची उड्डाणे 17 एप्रिल 2019 रोजी थांबली. 20 जून 2019 रोजी न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाने प्रक्रिया सुरू केली. 2021 च्या जूनमध्ये जालन-कालरॉक गटाची योजना मान्य झाली. योजनेप्रमाणे पैसा वेळेवर आला नाही. वर्षे अपिलांत गेली, आणि 7 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने घटनेच्या अनुच्छेद 142 खालील अधिकार वापरून कंपनी अवसायनात काढण्याचा आदेश दिला. गटाने भरलेले 200 कोटी जप्त झाले आणि 150 कोटींची बँक हमी वटविण्याची मुभा धनकोंना मिळाली.

कामगारांच्या देण्याची व्याख्या येथे पुन्हा वाचावी: अवसायनाच्या आरंभापूर्वीच्या 24 महिन्यांची देणी. अवसायनाचा आरंभ म्हणजे कलम 33 खालील कारवाई सुरू होण्याचा दिवस. हा दिवस 2024 च्या नोव्हेंबरातला धरला, तर मागे मोजलेले 24 महिने 2022 च्या नोव्हेंबरापर्यंत जातात. त्या काळात एकही विमान उडाले नव्हते. ज्या वेतनासाठी कामगार 2019 पासून थांबले आहेत ते या चौकटीच्या बाहेर पडते आणि, शब्दशः वाचल्यास, 'उर्वरित देणी' या पायरीवर, पुरवठादारांच्या शेजारी जाऊन बसते. अवसायन 2019 मध्येच झाले असते तर तेच वेतन बँकांच्या बरोबरीने दुसऱ्या पायरीवर असते. योजना फसण्यात कामगारांचा काही हात नव्हता, तरी विलंबाची किंमत त्यांच्या क्रमातून वसूल होते. भविष्य निर्वाह निधी व उपदान त्यांना पूर्ण द्यावे असा निर्णय अपील न्यायाधिकरणाने 2022 च्या ऑक्टोबरमध्ये दिला होता व सर्वोच्च न्यायालयाने 2023 च्या जानेवारीत त्यात हस्तक्षेप केला नाही. पण थकलेले वेतन ही निराळी गोष्ट आहे.

बँकांच्या हक्काला असा कोणताही कालावधी लावलेला नाही, हेही ध्यानात घ्यावे. तारण पाच वर्षांपूर्वीचे असो की दहा, पायरी तीच राहते. एकाच पायरीवर बसविलेल्या दोघांपैकी एकाचे घड्याळ चालू ठेवावयाचे आणि दुसऱ्याचे थांबवावयाचे, ही समप्रमाणतेची विचित्र कल्पना होय.

या दोषावरील उपाय कठीण नाही. 24 महिने अवसायनाच्या दिवसापासून न मोजता नादारी-प्रक्रियेच्या आरंभापासून मोजावेत. त्यामुळे मधल्या काळाचे वेतन बुडेल अशी शंका कोणी घेईल. पण त्याची सोय आधीच झालेली आहे. एबीजी शिपयार्ड कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 19 एप्रिल 2022 रोजी ठरविले की, प्रक्रिया चालू असता कंपनी चालती होती आणि कामगाराने प्रत्यक्ष काम केले हे सिद्ध झाल्यास त्या काळाचे वेतन प्रक्रियेच्या खर्चात धरावे, म्हणजे ते पहिल्याच पायरीवर फिटते. मधला काळ असा वर गेला असल्याने, मागील 24 महिने प्रक्रियेच्या आरंभापासून मोजल्यास एकच वेतन दोनदा दिले जाण्याचा संभव राहत नाही. कलम 53 च्या पोटकलम 1 मधील खंड ख आणि कर्मचाऱ्यांविषयीचा खंड ग, या दोन ठिकाणी तारखेचा शब्द बदलावा लागेल, एवढेच.